नव्या प्राथमिक शिक्षकाने कोणती पुस्तकं वाचावीत आणि वर्गात कशी वापरावीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंधुदुर्गात द्विशिक्षकी शाळेवर नेमणूक झाली आहे. पहिल्या वर्षी किती आणि कोणती पुस्तकं वाचू?

तीन पुरेत. गिजुभाई बधेकांचं 'दिवास्वप्न', सिल्विया ॲश्टन-वॉर्नर यांचं 'टीचर' आणि अनुताई वाघांचं 'कोसबाडच्या टेकडीवरून'. पहिलं मूळ गुजराती, दुसरं इंग्रजी. दोन्ही मराठीत आहेत. तिसरं मूळचंच मराठी आणि आपल्याच किनाऱ्यावरचं.

'दिवास्वप्न' शाळा सुरू व्हायच्या आधी वाचा. एका बैठकीत संपतं. 'टीचर' जूनमध्ये पहिलीचा वर्ग हातात आला की सुरू करा, पण सलग वाचू नका. कारण खाली येईलच. अनुताईंचं पुस्तक दिवाळीच्या सुट्टीत वाचा. तोवर गावातली मुलं तुमच्या ओळखीची झालेली असतात आणि पुस्तकातल्या अडचणी तुमच्याच वाटू लागतात.

'तोत्तोचान' बहुतेकांनी वाचलेलं असतं. नसेल तर जरूर वाचा. मुलांच्या डब्यात समुद्रातलं थोडं आणि डोंगरातलं थोडं असावं असं सांगणारे कोबायाशी मुख्याध्यापक कोकणातल्या वाचकाला परके वाटत नाहीत. पण ते शाळेत शिकलेल्या मुलीने मोठेपणी सांगितलेलं आहे. शिक्षकाने आदल्या रात्री काय तयारी केली हे त्यात फारसं सापडत नाही, आणि पहिल्या वर्षी तुम्हाला नेमकं तेच हवं असतं.

टीईटीसाठी बालमानसशास्त्राची गाइडं पाठ केली आहेत. ती चालणार नाहीत का?

परीक्षेला चालली, तेवढंच त्यांचं काम. पहिल्या पेपरात बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राला १५० पैकी ३० गुण असतात, त्यामुळे गाइडात पियाजेच्या अवस्था, कोहलबर्गचे टप्पे, थॉर्नडाइकचे नियम असं सगळं उत्तराच्या पर्यायांसारखं मांडलेलं असतं. मूल पाटीकडे बघत गप्प बसलं तर पुढच्या पाच मिनिटांत काय करायचं, याचं उत्तर तिथे नाही.

गाइडातली एक गोष्ट मात्र डोक्यातून काढून टाकलेली बरी. काही मुलं बघून शिकणारी, काही ऐकून, काही हाताने करून, म्हणून प्रत्येकाला त्याच्या 'शैली'ने शिकवा, असं त्यात ठासून लिहिलेलं असतं. २००८ साली पॅशलर आणि सहकाऱ्यांनी या कल्पनेमागच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा मुलांची अशी वर्गवारी करून शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा मिळाला नाही. चित्र, आवाज आणि हाताचं काम तिन्ही वापरा, पण सगळ्यांसाठी वापरा.

'दिवास्वप्न' तर काल्पनिक आहे. त्यातून शिकायचं काय?

अपयश कसं हाताळायचं ते. कथेतला शिक्षक एक वर्षासाठी चौथीचा वर्ग मागून घेतो. पहिल्याच दिवशी तो मोठ्या तयारीने शांततेचा खेळ घेतो आणि तो साफ फसतो. मुलं दंगा करतात आणि शेवटी त्यांना घरी सोडावं लागतं. दुसऱ्या दिवशी तो ओरडत नाही. बेत बदलतो आणि गोष्ट सांगायला बसतो. गोष्टीच्या ओढीने मुलं बसतात, मग बसलेल्या मुलांना हळूहळू शिस्त, वाचन, व्याकरणाचे खेळ अशा वाटेने नेता येतं.

यातला क्रम उचलण्यासारखा आहे: आधी मुलांनी तुमच्याजवळ बसायचं कारण तयार करा, पाठ नंतर. पहिले दहा दिवस रोज दुपारी वीस मिनिटं गोष्ट ठेवा आणि ती रंगात आल्यावर थांबवा. वर्षभरात सगळं जमून गेल्याचं चित्र पुस्तकात आहे, ते मात्र जसंच्या तसं मनावर घेऊ नका. त्या शिक्षकाकडे एकच इयत्ता होती, तुमच्याकडे दोन किंवा चार असतील.

'टीचर' सलग वाचू नका असं का म्हणता?

कारण त्या पुस्तकात नुसते विचार नाहीत, एक रीत आहे, आणि ती करून पाहत वाचली तरच समजते. ॲश्टन-वॉर्नर न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवत होत्या. सरकारी वाचनपुस्तकातलं घर, आई-बाबा, बोलणं यातलं काहीच त्या मुलांच्या आयुष्यात नव्हतं. मग त्यांनी प्रत्येक मुलाला रोज विचारायला सुरुवात केली, तुला कोणता शब्द हवा? मुलाने सांगितलेला शब्द जाड कागदाच्या पट्टीवर लिहून त्यालाच द्यायचा. दुसऱ्या दिवशी सगळ्या पट्ट्या जमिनीवर ओतायच्या आणि ज्याने त्याने आपली शोधून वाचायची. जो शब्द ओळखता आला नाही, तो मुलाच्या मनातला नव्हता असं समजून बाजूला टाकायचा. भीतीचे आणि मायेचे शब्द मुलं एकदा बघून लक्षात ठेवतात, हे त्यांचं मुख्य निरीक्षण. पुस्तक १९६३ साली आलं.

मालवण किंवा देवगडच्या वाडीवरच्या पहिलीत ही रीत फार चपखल बसते, कारण घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा यांतलं अंतर इथेही आहे.

प्रत्यक्ष पहिलीत हे कसं करायचं? पायऱ्या सांगा.

समजा पटावर चौदा मुलं आहेत आणि त्यातली पाच पहिलीत. रोज परिपाठानंतरची तीस मिनिटं या पाच जणांना द्या. साधारण ३० सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद अशा जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून ठेवा. मिठाईचे खोके किंवा जुन्या वह्यांची कव्हरं चालतात. लिहायला एकाच रंगाचा जाड मार्कर घ्या आणि रंग बदलू नका.

एकेका मुलाला जवळ बोलवा. आधी दोन मिनिटं बोलू द्या: काल काय झालं, घरी कोण आलं. मग विचारा, "तुका आज खयचो शब्द होयो?" मूल जो शब्द म्हणेल तो त्याच्यासमोर, उच्चार करत करत लिहा. अक्षरं सावकाश काढा, म्हणजे कोणत्या आवाजाला हात कुठे वळतो ते त्याला दिसेल. मुलाने बोटाने शब्द गिरवायचा, वाचायचा आणि पट्टी घेऊन जागेवर जायचं. एका मुलाला चार-पाच मिनिटं लागतात.

दुसऱ्या दिवशी सुरुवातीलाच पट्ट्या जमिनीवर पसरा. ज्याने त्याने आपली उचलून शेजाऱ्याला वाचून दाखवायची. ओळखता आली नाही ती पट्टी काही न बोलता तुमच्या खोक्यात जाईल. 'कालच तर सांगितलं होतं' हे वाक्य इथे अजिबात नको. ते ऐकलं की मूल आवडीचा शब्द सोडून सोपा शब्द मागायला लागतं.

पण यातून अक्षरओळख कशी होणार? सगळे शब्द विस्कळीत असतील ना?

इथेच इंग्रजीतली रीत आपल्या लिपीला पुरी पडत नाही, आणि पुस्तक त्याबद्दल काही सांगणार नाही. त्यामुळे दर शनिवारी तुम्हाला एक काम जोडावं लागेल.

समजा आठवड्यात आलेल्या शब्दांतले हे पाच घेतले: होडी, मासो, आजी, पाऊस, देवचार. ('देवचार' येणारच. ॲश्टन-वॉर्नर यांच्या वर्गात भूत आलं होतं, आपल्याकडे देवचार.) हे शब्द फोडून फळ्यावर मांडा. व्यंजनं मिळतात ह, ड, म, स, ज, प, द, व, च, र. काना, वेलांटी, एक मात्रा आणि काना-मात्रा अशी चार चिन्हं मिळतात. शिवाय आ आणि ऊ हे सुटे स्वर. आता याच मालातून मुलांनी कधीही न मागितलेले शब्द बनवा: वाडी, दोरी, वारा, चावी, साप, मामा. फळ्यावर लिहा आणि मुलांना वाचू द्या.

वाचन शिकलं जातंय की नाही याची खरी परीक्षा हीच. पट्टी वाचणारं मूल अनेकदा पुठ्ठ्याची दुमड किंवा मार्करचा डाग ओळखत असतं. खात्री करायची असेल तर तोच शब्द पाटीवर तुमच्या सहकाऱ्याच्या अक्षरात लिहून घ्या. पट्टी वाचतो पण पाटी वाचत नाही, याचा अर्थ अक्षर अजून सुटं झालेलं नाही. अशा वेळी नवे शब्द दोन दिवस थांबवा आणि जुन्याच शब्दांची अक्षरं कापून पुन्हा जुळवायला द्या.

भिंतीवर एक चौकटीचा तक्ता ठेवा आणि मुलांच्या शब्दांतून जी अक्षरं आली ती भरत जा. आठ-दहा आठवड्यांनी काही चौकटी रिकाम्या राहतातच; ष, ज्ञ, ठ, ऋ यांसारखी अक्षरं मुलांच्या रोजच्या शब्दांत कमी येतात. ती पाठ्यपुस्तकातून शिकवा, बिनदिक्कत. जोडाक्षरंही सुरुवातीला टाळू नका आणि ओढूनही आणू नका. मुलाने 'चक्री' मागितली तर लिहून द्या, फक्त शनिवारच्या फोडणीला ती नंतर घ्या.

मूल 'मासो' म्हणतं, पुस्तकात 'मासा' आहे. काय लिहायचं?

मुलाचं. पट्टी मुलाची आहे आणि लिहिलेलं म्हणजे बोललेलंच, हे त्याला पहिल्यांदा कळतंय. तुम्ही 'मासा' लिहून दिलंत आणि मूल 'मासो' वाचत राहिलं, तर शेवटच्या अक्षराकडे बघायची गरजच नाही असा धडा त्याला मिळतो. पुढे हीच सवय अंदाजपंचे वाचण्यात दिसते.

प्रमाण मराठीचं काय, असं पालक विचारतील आणि केंद्रप्रमुखही. दोन-तीन महिन्यांनी, मूल दोन अक्षरी शब्द सहज वाचू लागलं की, दुसऱ्या रंगाच्या पट्टीवर 'मासा' लिहा आणि दोन्ही शेजारी ठेवा. फरक कुठे आहे ते मुलालाच शोधू द्या. काना आणि काना-मात्रा यांतला फरक त्याहून चांगला शिकवता येत नाही. शिक्षणहक्क कायद्यातही शिक्षणाचं माध्यम शक्यतो मुलाची मातृभाषा असावं असं म्हटलं आहे, तेव्हा संकोच करायचं कारण नाही.

मी परजिल्ह्यातून आलो आहे, मालवणी कळत नाही. मग?

उलट सोपं जाईल, जर कळत नाही हे मुलांना मोकळेपणाने कळू दिलंत तर. 'झील' म्हणजे मुलगा, 'चेडू' म्हणजे मुलगी, 'खय' म्हणजे कुठे, 'थय' म्हणजे तिथे, 'माका' म्हणजे मला, 'तुका' म्हणजे तुला, एवढ्या भांडवलावर पहिला महिना निघतो. उरलेलं मुलं शिकवतात. 'हे तुमच्यात काय म्हणतात?' असं विचारणाऱ्या शिक्षकाशी पहिलीतलं बुजरं मूलही बोलतं, कारण तिथे त्याचं उत्तर चुकत नाही. बोली बोलायचा सराव मात्र वर्गात नाटकीपणे करू नका. मुलांना चेष्टा लगेच ओळखता येते. संगमेश्वरी, आगरी किंवा वाडवळी मुलखात गेलात तरी रीत हीच, शब्द बदलतील.

मुलांच्या भाषेवर आणखी वाचायचं असेल तर कृष्णकुमार यांचं 'बच्चे की भाषा और अध्यापक' हे छोटं हिंदी पुस्तक घ्या. मुलांना बोलतं करण्याच्या कृती त्यात आहेत, आणि त्यांना साहित्य जवळजवळ लागत नाही.

मुलाने 'दारू' किंवा 'मारतत' असा शब्द मागितला तर?

लिहून द्या. चेहरा बदलू नका, वर्गासमोर काही विचारू नका, आणि ती पट्टी भिंतीवर लावू नका. दिवसअखेर ती तुमच्या खोक्यात ठेवा. गावात पट्टी घरी गेली की दुसऱ्या दिवशी वाडीभर होते. एकदा आलेला असा शब्द म्हणजे पुरावा नव्हे. मुलं ऐकलेलं आणि पाहिलेलंही सांगतात. पण तोच विषय पुन्हा पुन्हा येऊ लागला, अंगावर खुणा दिसल्या किंवा मूल घरी जायला टाळू लागलं, तर मुख्याध्यापकांशी बोला आणि १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर कळवा. स्वतः घरी जाऊन जाब विचारू नका, त्याचा त्रास मुलालाच होतो.

मी पहिलीसोबत असताना दुसरी ते चौथी गोंधळ घालतात. त्यावर पुस्तक आहे का?

आहे, पण इंग्रजीत आणि जुनं. जेकब कुनिन यांचं १९७० सालचं. वर्गांचं चित्रीकरण करून त्यांनी पाहिलं की चांगले चालणारे वर्ग आणि गोंधळाचे वर्ग यांत फरक कशाने पडतो. रागावण्याच्या पद्धतीने फारसा फरक पडत नव्हता. फरक पडत होता तो गोंधळ व्हायच्या आधी शिक्षक काय करत होता याने. सगळ्या वर्गावर आपलं लक्ष आहे हे मुलांना कळत होतं का, दोन कामं एकावेळी सांभाळली जात होती का, एका कामातून दुसऱ्यात जाताना मुलांना रिकामं ताटकळावं लागत होतं का.

तुमच्या खोलीत याचा अर्थ असा. पहिलीच्या मुलांना भिंतीकडे तोंड करून बसवा आणि तुम्ही भिंतीला पाठ लावून बसा, म्हणजे मान न वळवता सगळी खोली दिसते. पट्ट्या काढण्याआधी बाकीच्यांचं काम फळ्यावर लिहिलेलं हवं, आणि त्याखाली 'झाल्यावर काय' हेही. गोंधळ बहुतेक वेळा काम न जमणारी मुलं नाही, काम लवकर संपलेली मुलं सुरू करतात. दोन पट्ट्यांच्या मधे दर वेळी नजर फिरवा आणि कुजबुज दिसली तर नुसतं नाव घ्या, वाक्य नको. लांबलचक बोलणी बसली की शांतपणे काम करणारेही थांबतात.

छडीचा प्रश्न तर उरतच नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. ओणवं उभं करणं, नावं ठेवणं हेही त्यात येतं.

वर्गातल्या मानसशास्त्रातली एकच गोष्ट उद्यापासून करायची तर कोणती?

प्रश्न विचारल्यावर तीन सेकंद गप्प बसा. मेरी बड रो यांनी वर्गातल्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारून साधारण एक सेकंदच थांबतात, मग स्वतः बोलतात किंवा दुसऱ्याला विचारतात. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांब झाली आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी असलेल्या मुलाला तर प्रश्न मनात फिरवून घ्यायलाच वेळ लागतो. पहिले काही दिवस हे तीन सेकंद फार लांब वाटतात. मनात 'एक नारळ, दोन नारळ, तीन नारळ' मोजा.

अनुताईंचं पुस्तक बालवाडीचं आहे. प्राथमिकला काय उपयोग?

गैरहजेरीसाठी. ताराबाई मोडकांनी आणि अनुताईंनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते जवळच कोसबाडला नेलं. मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली, आणि गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात भरवली. मूल का येत नाही, याचं उत्तर त्याच्या घरच्या कामाच्या वेळापत्रकात शोधायचं, ही त्यातली पद्धत तुम्हाला लागेल. पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत किंवा काजूच्या हंगामात पट अचानक रिकामा होतो. अशा वेळी नवा घटक सुरू न करता उजळणी ठेवा, आणि न येणाऱ्यांची यादी वाडीनिहाय करा. एकाच वाडीतली चार मुलं दिसली तर कारण बहुधा वाटेतला वहाळ असतो, आळस नव्हे. शिंपले, बिया, पानं यांतून केलेल्या साधनांची वर्णनंही त्यात आहेत. ती पहिली-दुसरीच्या गणिताला तशीच चालतात.

ही पुस्तकं मिळणार कुठे? आणि पावसात पट्ट्या टिकतील का?

आधी तालुक्याच्या वाचनालयात आणि केंद्रशाळेच्या कपाटात बघा. तिथे बरीच न उघडलेली पडलेली असतात. arvindguptatoys.com या संकेतस्थळावर शिक्षणावरची अनेक मराठी आणि हिंदी पुस्तकं मोफत उतरवून घेता येतात. रेंज असेल तिथे एकदाच घेऊन ठेवा.

पट्ट्यांबद्दल: जूनमध्ये पुठ्ठा हवेतलं पाणी ओढून मऊ होतो आणि स्केचपेनची शाई फुटते. पाण्याने न पुसणारा मार्कर वापरा आणि लिहून झाल्यावर दोन्ही बाजूंनी रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावा, कडांच्या बाहेर थोडी निघेल अशी. खोका जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नका, तिथे आधी बुरशी येते. झाकणाच्या डब्यात ठेवलात तर आत तांदळाची छोटी पुरचुंडी ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी बदला. ऑक्टोबरच्या उन्हात सगळ्या पट्ट्या एकदा पसरा. मुलांकडूनच पसरवून घेतल्या तर जूनपासूनच्या शब्दांची उजळणीही होते आणि खोक्यात गेलेल्या, न ओळखलेल्या शब्दांतले किती आता वाचता येतात तेही कळतं.